पाण्याखालचा तिसरा पाय

मी संरक्षणशास्त्र शिकवते. नातेवाइकांत हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय, कराटे? मी चिडत नाही असं सगळ्यांना वाटतं. मी चिडते. पण चिंचवडच्या कॉलेजात एमएच्या वर्गापुढे इतकी वर्षं उभी राहिल्यावर चिडचीड आवाजात उतरू न देण्याची सवय लागली आहे.

अभ्यासक्रमात दर वर्षी एक प्रकरण येतं, ट्रायडचं. अण्वस्त्रं तीन ठिकाणी का ठेवायची? जमिनीवर क्षेपणास्त्रं, हवेत बाँब टाकणारी विमानं आणि पाण्याखाली पाणबुड्या. मुलं लिहून घेतात : जास्त ताकद हवी म्हणून. मी खोडायला लावते. ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की समोरच्याने एके दिवशी अचानक पहिला वार केला, तर त्यानंतर आपल्याकडे उलट वार करण्याइतकं काही उरेल का? उरेलच अशी त्याची खात्री झाली, तर तो पहिला वार करायला धजणार नाही. आपल्या देशाने तर आपण होऊन पहिला वार करणार नाही असं जाहीरच करून टाकलंय. त्यामुळे आपली सगळी भिस्त या दुसऱ्या वारावर.

मग एकेक पाय घ्यायचा. जमिनीवरची क्षेपणास्त्रं झटपट निघतात, त्यांच्याशी संपर्क पक्का असतो, पण एका जागी असलेली उपग्रहाला सापडतात. गाडीवरून फिरणारी सापडायला अवघड, तरी जमीन ती जमीनच. विमान उडाल्यावरही माघारी बोलावता येतं, ही त्याची मोठी सोय. पण धावपट्टी नकाशावर असते आणि उडायला वेळ मिळाला नाही तर विमान जागेवरच संपतं. पाणबुडी शोधायला सगळ्यात कठीण, आणि तिच्याशी बोलायलाही सगळ्यात कठीण. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. तिन्ही एकाच वेळी, एकाच तडाख्यात संपवता येतील असं कुठल्याच शत्रूला छातीठोकपणे म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

इथपर्यंत मी न अडखळता शिकवते. माझा नवरा या तिसऱ्या पायात कामाला आहे हे वर्गाला माहीत नसतं. तो कुठल्या बोटीवर, कुठल्या पाण्यात, हे मलाही माहीत नसतं. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत मी विचारायचे. मग विचारणं सोडलं.

थेरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझे सासरे, अण्णा, असे दोघंच राहायचो. सासूबाई लवकर गेल्या. अण्णा मूळचे चाकणच्या बाजूच्या खेड्यातले. जमिनीवर कारखाने आले तसे तेही एका कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि मुलाने हट्टाने त्यांना आमच्याकडे आणलं. डांगे चौकातली भाजी त्यांना कधीच पसंत पडली नाही. गावची कोथिंबीर, गावचं पाणी, सगळंच त्यांना गावचं हवं असायचं. आमचं भांडण रोज व्हायचं आणि रोज मिटायचं.

नवरा निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. त्याने वरण ओतून घेता घेता सांगितलं, ‘‘निघायच्या आधी आम्हाला एक विचारतात. बाहेर असताना घरी काही वाईट झालं तर कळवायचं की परत आल्यावर सांगायचं.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मी परत आल्यावर म्हटलं. दर वेळी तेच म्हणतो. कळून मी काय करणार? वर येता येत नाही. बोट मध्येच बंदरात आणता येत नाही. बंदरात उभी असली की ती लपलेली राहत नाही. आणि आत डोकं ठिकाणावर लागतं.’’

मी अण्णांकडे पाहिलं. घरातलं वाईट म्हणजे कोण, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, ‘‘बराबर हाय. मेल्यावर मानूस कुटं जातंय व्हय? तू ये तुज्या सवडीनं.’’

तो हसला. मलाही हसू आलं. अण्णा आणखी भाकरी मागत होते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

तो गेल्यावर आमच्याकडून त्याच्याकडे जाणारी एकच वाट होती. घरच्यांनी चार ओळी लिहून द्यायच्या. त्या कुणीतरी तपासतं, आणि जमेल तेव्हा, इतर कामाच्या संदेशांच्या मागून, त्या बोटीपर्यंत जातात. पाण्याखाली पोहोचणाऱ्या लहरींवर फार शब्द मावत नाहीत, म्हणून ओळी मोजक्या. तिकडून उत्तर येत नाही. पोहोचल्या का, तेही कळत नाही. पाणबुडी ऐकते, बोलत नाही. बोलली तर तो आवाज दुसऱ्या कुणाच्याही यंत्राने पकडला जाईल, कुठून आला ते शोधलं जाईल, आणि ती कुठे असेल ही समुद्रभर पसरलेली शंका एका ठिपक्यावर येऊन थांबेल. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलांना भारी वाटतं. घरी चार ओळी लिहायला बसल्यावर काही वाटत नाही. मी पाण्याचं लिहायचे, स्कूटरचं लिहायचे, अण्णांचं लिहायचे.

एके दिवशी अण्णा सकाळी अंघोळीला गेले आणि न्हाणीघरातच पडले. दार आतून लावलेलं नव्हतं एवढं नशीब. शेजारच्यांनी उचलायला मदत केली. हॉस्पिटलात स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. मेंदूत मोठा रक्तस्राव होता. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाण्याची शक्यता होती, आणि निभावले तरी उठून बसतील, ओळखतील असं नाही. नाही केलं तर एखाददुसरा दिवस. ‘‘मुलगा असेल ना? त्यांच्याशी बोलून घ्या. पण फार वेळ नाही.’’

मी बाहेर येऊन नौदलाने अडीअडचणीला दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा अधिकारी सभ्य होता. मी म्हटलं, मला नवऱ्याला एकच विचारायचंय, हो की नाही.

तो म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्याकडून निरोप जाऊ शकतो. त्यांच्याकडून येऊ शकत नाही. आणि त्यांनी असला निरोप पाठवू नका असं सांगितलेलं आहे.’’

‘‘मला माहीत आहे,’’ मी म्हटलं. आणि खरंच माहीत होतं. मी हेच तर शिकवते. तरी फोन का लावला हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यापुढे प्रश्न टाकायचा, म्हणजे त्याला नुसतं जाळायचं. मी त्या अधिकाऱ्याला थँक्यू म्हटलं. आत जाऊन ऑपरेशन नको म्हणून सही केली. पेन चालत नव्हतं, नर्सने दुसरं दिलं. मला रडू आलं नाही. भीती वाटली नाही. भूक लागल्यासारखं काहीतरी वाटत होतं, पण कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले.

त्यांना गावी न्यायचं हे ठरलेलंच होतं. शववाहिका चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकली. ड्रायव्हर उतरून पुढच्या ट्रकवाल्यांना हात जोडत होता. मी पुढच्या सीटवर बसून समोरच्या कंटेनरवरची अक्षरं वाचत होते, पुन्हा पुन्हा तीच.

घाटावर भावकी जमली होती. नदीच्या या काठाला लाकडं, त्या काठाला एका कारखान्याची भिंत. अग्नी कोणी द्यायचा यावरून कुजबुज सुरू झाली. चुलतदीर तयार होता, पण अण्णांचे थोरले चुलतभाऊ, सगळे त्यांना नाना म्हणतात, ते पुढे आले. त्यांनी काठी रोवली आणि सरळ मला विचारलं.

‘‘पोरगं कुटं हाय?’’

‘‘समुद्रात.’’

‘‘मंग फोन लावा की. आमी थांबतो. रातभर थांबतो.’’

‘‘लागत नाही, नाना.’’

‘‘सरकारची बोट, अन् तिला फोन न्हाई?’’

पाठीमागून कुणीतरी म्हणालं की सुनेने कळवलंच नसेल. मला एकदम संताप आला. हॉस्पिटलपासून तिथपर्यंत आलेली ती एकमेव भावना. मी ठरवलं की सांगायचंच. आणि घाटावर, अण्णांच्या पायाशी उभी राहून, मी वर्गात बोलते तसं बोलायला लागले.

‘‘नाना, समजा कुणी आपल्यावर अणुबाँब टाकायचं ठरवलं. तो आधी काय बघेल? आपण उलट टाकू का, हे बघेल. आपले बाँब तीन ठिकाणी आहेत. जमिनीवरचे कुठं आहेत ते तो आकाशातून शोधतो. विमानतळ तर नकाशावरच असतात. ते दोन्ही त्याने एका सकाळी फोडले असं धरा. तिसरे पाण्याखाली आहेत. ते कुठं आहेत हे त्याला माहीत नाही. ते उरणार, आणि उरले की त्याची गावंच्या गावं जाणार. म्हणून तो सुरुवातच करत नाही.’’

‘‘अन् पोरगं त्या पान्याखालच्यात हाय?’’

‘‘हो. तिथून कुणी बोललं तर जागा कळते. जागा कळली की तिसराही गेला. मग शत्रूला वाटेल, आता टाकायला हरकत नाही.’’

नानांनी पाण्याकडे पाहिलं. ‘‘म्हंजी हितं बाप जळतोय, अन् त्यानं तितं गप बसायचं. म्हनून आपल्यावर कोन बाम टाकत न्हाई.’’

‘‘हो.’’

‘‘असं हाय व्हय,’’ ते म्हणाले. मग मागे वळून मोठ्याने म्हणाले, ‘‘मंग बसू द्या गप. आन रं मडकं.’’

चुलतदिराने खांद्यावर मडकं घेतलं. त्यानंतर कुणीच काही विचारलं नाही. बायका मला धरायला आल्या, पण मी पडत नव्हते.

घरात माणसं भरली होती आणि प्रत्येकजण मला जेवायला सांगत होता, म्हणून तेराव्याच्या आधीच मी कॉलेजला गेले. त्या आठवड्यात एमएच्या मुलांचा युद्धसराव ठरलेला होता. युद्धसराव म्हणजे टेबलावरचा. दोन गट, एक नकाशा, आणि प्रत्येक चालीचं काय होईल हे सांगणारे पंच. पंच आम्ही दोघं : मी, आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर, जे आमच्याकडे अधूनमधून शिकवायला येतात. सर म्हणाले, तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला घरी चालत नाही.

लाल गटाने पहिला वार केला. सरांनी निळ्या गटाचं काय उरलं ते सांगितलं. ठरलेल्या तळांवरची क्षेपणास्त्रं गेली. फिरत्या गाड्यांपैकी काही वाचल्या असाव्यात, नक्की नाही. दोन धावपट्ट्या फुटल्या; इशारा मिळताच उडालेली विमानं हवेत होती, पण ती कुठेतरी उतरायला हवीत. पाणबुडी गस्तीवर, तिच्याकडून काही नाही.

निळ्या गटाची प्रमुख एक हुशार मुलगी होती, मोशीची. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. ‘‘मॅम, पुढचा निर्णय घेण्याआधी मला पाणबुडी सुखरूप आहे का ते विचारायचंय.’’

‘‘विचारू शकता,’’ मी म्हटलं.

‘‘आणि तिने उत्तर द्यायचं. एक अक्षर चालेल.’’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे निकाल मलाच द्यायचा होता. मी म्हटलं, ‘‘उत्तर आलं. सुखरूप आहे. लाल गटाने तो संदेश पकडला. आता ती कुठल्या भागात आहे ते त्यांना माहीत आहे, आणि त्यांची शोधविमानं निघाली आहेत. पुढच्या चालीला पाणबुडी नाही.’’

मुलीने टेबलावरचे हात काढले. मग म्हणाली, ‘‘पण मॅम, आहे की नाही हे कळल्याशिवाय तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?’’

‘‘ठेवायचा!’’ मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारच्या वर्गातला आवाज थांबला. ‘‘विचारायचं नाही! तुमच्या जिवाला चैन पडावं म्हणून ती समुद्रात नाहीये. ती आहे असं तुम्ही धरून चालायचं, आणि ती नाही असं शत्रूला धरता येऊ नये. एवढंच तिचं काम.’’

सरांनी हलकेच विषय हातात घेतला. ते म्हणाले, तुम्ही विचारलं नसतंत तर लाल गटाला दुसरा हल्ला करण्याआधी दहादा विचार करावा लागला असता. आता करावा लागणार नाही. मुलीने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ओरडल्याचं वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

चार ओळी मी देत राहिले. अण्णा बरे आहेत असं लिहिणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि गेले असं लिहायचं नव्हतं. मग मी अण्णांना वगळलं. सोसायटीची लिफ्ट, कॉलेजच्या परीक्षा, रस्ता खणलाय, असं लिहायचे. त्याने मागितलं होतं तेच मी त्याला देत होते : तो वर येईपर्यंत जिवंत असलेले वडील. तेवढं एक मी नीट सांभाळतेय असं मला वाटायचं, आणि त्या दिवसांत मला दुसरं काही वाटत नव्हतं.

त्याचा फोन आला तेव्हा मी पिंपरीच्या बाजारात होते. मी दुकानाच्या पायरीवर बसले. कसं सांगायचं ते मी मनात शंभरदा घोळवलं होतं. आधी तू बस म्हणायचं, मग पडल्याचं सांगायचं, मग हॉस्पिटल.

तो म्हणाला, ‘‘आलो.’’ आणि लगेच, ‘‘अण्णा कधी गेले?’’

मी विचारलं, ‘‘तुला कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी नाही. तुझ्या ओळींत दर वेळी अण्णा असायचे. काय खाल्लं, कशावरून भांडले. मग एकदा नव्हते. पाण्याचा टँकर होता, स्कूटरची बॅटरी होती, अण्णा नव्हते. मला कळलं. पुढच्या वेळीही नव्हते, तेव्हा खात्री झाली. मी तेव्हाच मनातल्या मनात सगळं उरकलं. पाणी सोडलं म्हण. आत दुसरं काय करणार? ड्यूटी करत राहिलो.’’

बाजारात सेलवाला ओरडत होता. मी टँकर आठवत होते. टँकर आला तेव्हा अण्णा खाली उतरून ड्रायव्हरशी भांडले होते, पाइप आमच्या बाजूला आधी लावा म्हणून. मी त्यांना हाताला धरून वर आणलं होतं आणि दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला होता. त्या रागात त्या चार ओळींत मी त्यांना घेतलं नव्हतं. पुढच्या वेळी नुसतंच राहून गेलं. न्हाणीघरात ते पडले ते त्यानंतर.

‘‘कधी गेले?’’ त्याने पुन्हा विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. मी तारीख सांगितली.

त्याला हिशेब करायला वेळ लागला नाही, तो अशाच कामात असतो. ‘‘म्हणजे टँकर आला तेव्हा होते,’’ तो म्हणाला.

‘‘होते.’’

‘‘मी पाणी सोडलं तेव्हा होते.’’

‘‘होते. तू येशील तेव्हा गावची कोथिंबीर आणून ठेव असं मला म्हणत होते.’’

मग तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. मी फोन कानाला घट्ट धरला आणि त्या पायरीवर बसून मीही रडले. तो मधेच थांबला, आवाज दाबायला बघत होता. मी म्हटलं, रड रे. आता ऐकू दे कुणाला ऐकायचं त्याला.